भावाने विकलेली जमीन आणि बहिणीचा हिस्सा: मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

प्रश्न: माझे वडील १९९८ मध्ये वारले. जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली होती, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. भावाने तेव्हाच सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लावून घेतलं. आई २००९ मध्ये गेली. जून २०१९ मध्ये भावाने ती सगळी जमीन विकली, आणि मला हे नोव्हेंबर २०२४ मध्ये कळलं. मी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. एक वकील म्हणतात बारा वर्षं कधीच उलटून गेली. दुसरे म्हणतात तीन वर्षांची मुदत असते. तिसरे म्हणतात हिश्शाला मुदतच नसते. यातलं खरं काय?

उत्तर:

ताई, तिघांच्याही म्हणण्याला थोडा थोडा आधार आहे, म्हणूनच तुमचा गोंधळ झाला आहे. भारतात यासाठी १९६३ चा मुदत अधिनियम लागू होतो. त्याच्या परिशिष्टात वेगवेगळ्या दाव्यांसाठी वेगवेगळे अनुच्छेद आहेत. प्रत्येकात दोन गोष्टी दिलेल्या असतात: मुदत किती, आणि ती कधीपासून मोजायची. लोक पहिली गोष्ट पाठ करतात आणि दुसरी विसरतात. जमिनीच्या दाव्यात निकाल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीवर लागतो.

मुदत जमिनीला चिकटलेली नसते. तुम्ही कोर्टाकडे काय मागता, त्या मागणीला ती चिकटलेली असते. तुमच्या बाबतीत तीन मागण्या संभवतात. एक, माझा हिस्सा वेगळा करून त्याचा कब्जा द्या. दोन, २०१९ चं खरेदीखत माझ्या हिश्शावर बंधनकारक नाही असं जाहीर करा. तीन, खरेदीखत रद्द करा. या तिन्हींची घड्याळं वेगळी आहेत. तिसरी मागणी तुम्हाला करायचीच नाही, ते का ते पुढे सांगतो.

आधी हिस्सा किती ते पाहू. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही असे तीन समान वारस झालात, प्रत्येकी एक तृतीयांश. आईचा एक तृतीयांश तिच्या पश्चात तुम्हा दोघांकडे निम्मा निम्मा आला. म्हणजे आज तुमचा हिस्सा अर्धा. इथे मी धरून चाललोय की तुम्ही दोघंच भावंडं आहात आणि आईनेही मृत्युपत्र केलेलं नाही.

आता पहिल्या वकिलांचं म्हणणं घेऊ. त्यांच्या मनात अनुच्छेद ६५ आहे. मालकी हक्काच्या आधारे कब्जा मागायचा तर मुदत बारा वर्षं. पण कधीपासून? ‘प्रतिवादीचा कब्जा वादीला प्रतिकूल झाला तेव्हापासून.’ १९९८ पासून नाही, आणि फेरफार मंजूर झाला त्या दिवसापासूनही नाही. भाऊ आणि तुम्ही सहहिस्सेदार होतात. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांच्या वतीने असलेला कब्जा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५६ मध्ये पी. लक्ष्मी रेड्डी खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे: सहवारसाचा कब्जा प्रतिकूल ठरवायचा तर त्याने दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारलेला असला पाहिजे आणि तो नकार दुसऱ्यापर्यंत पोचलेला असला पाहिजे. भाऊ नुसता जमीन कसत राहिला, पीक घेत राहिला, शेतसारा भरत राहिला, एवढ्याने घड्याळ सुरू होत नाही.

सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असणं हाही असा नकार नव्हे. फेरफार नोंद महसुलासाठी असते. तिच्याने हक्क निर्माणही होत नाही आणि जातही नाही. गावाकडे थोरल्या भावाचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, लागलेलं असतं. पुढे पुनर्लेखनात ती तीन अक्षरं गळून नुसतं नाव उरलेलं मी कितीतरी सातबाऱ्यांवर पाहिलं आहे. म्हणून १९९८ पासूनचे सगळे सातबारे काढा, आणि वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल त्याला जोडलेल्या अर्जासह आणि जबाबांसह काढा. त्या अर्जात भावाने वारस म्हणून फक्त स्वतःचं नाव दिलं असेल, तर ती लबाडी झाली, पण ती तुम्हाला कळेपर्यंत प्रतिकूल कब्जा होत नाही. उलट त्याच अर्जात तुमचं नाव असेल आणि ‘बहिणीचा हक्क नाही’ असं लिहून त्याखाली तुमची नोटीस पोचल्याची सही असेल, तर चित्र पालटतं. मग भावाचा वकील म्हणेल की नकार १९९८ मध्येच पोचला, बारा वर्षं २०१० मध्ये संपली. तुमच्या प्रकरणात सगळ्यात धोक्याचा कागद असलाच तर तो हा आहे. वकिलाकडे जाण्याआधी तो बघा.

हे इतकं गंभीर का? कारण बाकीच्या बहुतेक दाव्यांत मुदत संपली की फक्त कोर्टाचं दार बंद होतं, हक्क कागदावर तरी उरतो. जमिनीच्या कब्जाच्या बाबतीत मात्र मुदत अधिनियमाचं कलम २७ सांगतं की मुदत संपली की हक्कच संपतो.

पण सिद्ध कोणी करायचं? १९०८ च्या जुन्या कायद्यात बऱ्याच दाव्यांत वादीलाच दाखवावं लागे की गेल्या बारा वर्षांत कधीतरी माझा कब्जा होता. १९६३ मध्ये हे बदललं. आता तुम्ही मालकी दाखवायची, आणि प्रतिकूल कब्जा कधी सुरू झाला, कसा सुरू झाला, किती उघड होता, हे प्रतिवादीने सांगायचं आणि शाबित करायचं. त्याच्या लेखी कैफियतीत तारीख नसेल, नुसतंच ‘अनेक वर्षांपासून’ असेल, तर तो बचाव सहसा टिकत नाही. तरीही एक इशारा द्यायलाच हवा. पंचवीस वर्षं तुम्ही पिकाचा वाटा मागितला नाही, कधी काही घेतलं नाही, आणि मधल्या काळात भावाने तुमच्या डोळ्यांदेखत घर बांधलं, झाडं तोडली, तर कोर्ट त्या सगळ्या परिस्थितीवरून नकाराचा निष्कर्ष काढू शकतं. नुसता काळ पुरेसा नाही, पण काळ आणि वागणूक मिळून पुरेशी ठरू शकते. म्हणून उलट बाजूचे पुरावे जमवा: भावाने कधी धान्याची पोती पाठवली असतील, ऊस गेल्यावर काही रक्कम दिली असेल, ‘तुझा वाटा कुठे जातोय’ असा मेसेज केला असेल. सोसायटीच्या कर्जाच्या अर्जात त्याने ‘बहिणीचाही हिस्सा आहे’ असं लिहून सही केली असेल, तर तो कागद सोन्यासारखा.

तिसऱ्या वकिलांचं ‘हिश्शाला मुदतच नसते’ हे वाक्य इथूनच आलं आहे. सहहिस्सेदारी चालू आहे आणि कोणी कोणाला नाकारलेलं नाही, तोवर घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून वाटपाचा दावा कधीही करता येतो. वाक्य बरोबर आहे, पण ते नकाराच्या दिवसापर्यंतच खरं आहे. तुमच्या प्रकरणात तो दिवस उजाडला आहे.

जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असती तर अनुच्छेद ११० लागला असता. तिथेही बारा वर्षंच, पण ‘वगळल्याचं वादीला कळलं तेव्हापासून’. स्वकष्टार्जित जमिनीचे वारस हिंदू वारसा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे स्वतंत्र हिस्सेदार म्हणून येतात, म्हणून तुम्हाला मी ६५ सांगतोय. वादपत्रात मात्र दोन्हींत बसतील अशा घटना लिहाव्यात, कारण जमीन स्वकष्टाची की वडिलोपार्जित यावरच प्रतिवादी पुढे वाद घालेल.

आता २०१९ कडे येऊ. भावाने सगळी जमीन स्वतःची म्हणून विकली आणि खरेदीदाराने ताबा घेतला. भावाला स्वतःचा अर्धा हिस्सा विकता येतो, तेवढ्यापुरतं खरेदीखत चांगलंच आहे. तुमचा अर्धा त्याला विकताच येत नव्हता. पण परक्या माणसाने सबंध जमीन मालक म्हणून घेतली आणि मालक म्हणून कसायला लागला, तर ‘सगळ्यांच्या वतीने कब्जा’ ही सवलत त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. न्यायालयं सहसा असा कब्जा इतर सहहिस्सेदारांना प्रतिकूल मानतात. म्हणून माझ्या हिशेबात तुमच्या बारा वर्षांची सुरक्षित सुरुवात खरेदीदार शेतात शिरला त्या दिवसापासून धरायची. खरेदीखत १२ जून २०१९ चं आहे आणि ताबा त्याच दिवशी दिल्याचं त्यात लिहिलं आहे असं समजा. मग कब्जाच्या मागणीची शेवटची तारीख १२ जून २०३१ च्या आसपास येते. सुरुवातीचा दिवस मुदत अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे मोजायचा नसतो, आणि शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कलम ४ प्रमाणे कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. पण असल्या कडेवरच्या हिशेबावर विसंबून दावा ठेवू नये.

दुसऱ्या वकिलांची तीन वर्षं जाहीरनाम्याच्या, म्हणजे ‘खरेदीखत बंधनकारक नाही असं जाहीर करा’ या मागणीची. अनुच्छेद ५८ सांगतो: तीन वर्षं, ‘दावा करण्याचा हक्क प्रथम उद्भवला तेव्हापासून’. यातला ‘प्रथम’ हा शब्द खत्री हॉटेल्स खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठळक केला आहे. तुमच्या हक्काला अनेकदा धक्का बसला तरी पहिला स्पष्ट धक्का धरायचा. नंतर नोटीस पाठवली आणि तिला नकार आला म्हणून नवीन तीन वर्षं मिळत नाहीत. दाव्याच्या कारणाच्या परिच्छेदात ‘गेल्या महिन्यात प्रतिवादीने हक्क नाकारला’ असं लिहून जुनी तारीख झाकण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. २०२० च्या दहिबेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा कलाकुसरीकडे दुर्लक्ष करून वादपत्रच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली नामंजूर होणं कायम केलं. साक्षीपुराव्यापर्यंत दावा गेलाच नाही.

तुम्हाला खरेदीखताची माहिती नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. धक्का तेव्हा लागला असं धरलं तर तीन वर्षं नोव्हेंबर २०२७ मध्ये संपतात. पण खरेदीदाराचा वकील म्हणेल की तुम्हाला २०१९ मध्येच माहीत होतं. गावात वास्तुशांत झाली, तुम्ही लग्नाला आला होता, शेतात नवा माणूस नांगर चालवत होता. समजा कोर्टाने ते मानलं. मग जून २०१९ अधिक तीन वर्षं म्हणजे जून २०२२. कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. तो धरला तर मुदत मे २०२४ च्या अखेरपर्यंत सरकते. तीही उलटून गेली आहे. म्हणजे जाहीरनाम्याची मागणी केवळ एका गोष्टीवर उभी आहे: तुम्हाला नोव्हेंबर २०२४ च्या आधी कळलं नव्हतं, ही गोष्ट शाबित होते की नाही.

ती शाबित कशी करायची? ‘मला कळलं’ असं मोघम लिहू नका. कोणाकडून, कुठे, कशानिमित्त, आणि त्यानंतर लगेच काय केलंत, ते लिहा. तलाठी कार्यालयातून काढलेल्या सातबाऱ्यावर तारीख असते. दुय्यम निबंधकाकडून सूची दोनची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीची, आणि खरेदीखताची नक्कल काढली, त्यावर अर्ज दिल्याची आणि नक्कल दिल्याची तारीख असते. माहिती होणं आणि नक्कल काढणं यांत आठवड्याभराचं अंतर असेल तर गोष्ट पटते. दोन वर्षांचं असेल तर पटत नाही. उलटतपासणीत प्रश्न हमखास येतो की सातबारा ऑनलाइन दिसतो, मग पाच वर्षं का नाही पाहिला? याचं खरं उत्तर आधीच तयार ठेवा. ‘भावावर विश्वास होता’ हे उत्तर एकटं अपुरं पडतं. भाऊ दरवर्षी वाटा देत होता, २०१९ नंतरही ‘यंदा पीक कमी’ म्हणून थोडी रक्कम देत राहिला, असं काही असेल तर ते उत्तर वजनदार होतं.

इथे लोक कलम १७ पुढे करतात. फसवणूक झाली असेल तर ती कळेपर्यंत किंवा योग्य दक्षतेने कळली असती तोपर्यंत मुदत सुरू होत नाही. भावाविरुद्ध ते उपयोगी आहे. पण त्याच कलमाच्या परंतुकात लिहिलं आहे की मोबदला देऊन, फसवणुकीची माहिती नसताना मालमत्ता विकत घेणाऱ्याविरुद्ध हा आधार चालत नाही. वाचणारे पहिलं वाक्य वाचतात आणि परंतुकाकडे पाहतही नाहीत. खरेदीदार भावाच्याच गावचा, भावबंदातला असेल आणि बहीण आहे हे त्याला ठाऊक असेल, तर ते वादपत्रात स्पष्ट लिहा. तो खरंच परगावचा असेल तर १७ वर भार टाकू नका.

मग जाहीरनामा मुदतबाह्य ठरला तर सगळंच गेलं का? नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. सोपानराव विरुद्ध सय्यद महमूद या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मालकीच्या आधारे कब्जा मागितला असेल तर मुदत बारा वर्षंच. सोबत जाहीरनामाही मागितला म्हणून ती आखडून तीन वर्षं होत नाही. म्हणून दाव्याची मांडणी महत्त्वाची. मुख्य मागणी वाटप आणि स्वतंत्र कब्जाची ठेवा, ‘खरेदीखत माझ्या अर्ध्या हिश्शावर बंधनकारक नाही’ ही तिला जोडून येणारी. भाऊ आणि खरेदीदार दोघांनाही प्रतिवादी करा. फक्त जाहीरनाम्याचा दावा केलात, तर स्वतःहून बारा वर्षांची जागा सोडून तीन वर्षांच्या खुर्चीत बसलात असं होईल. शिवाय कब्जा मागता येत असून नुसता जाहीरनामा मागणं विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ ला चालत नाही.

तशीच खरेदीखत ‘रद्द’ करण्याची मागणी. अनुच्छेद ५९, तीन वर्षं, रद्द करण्याचा हक्क देणाऱ्या गोष्टी प्रथम कळल्यापासून. तुम्ही त्या दस्ताच्या पक्षकारच नाही, तुमची सही नाही. ज्याने दस्त करून दिला त्याला तो रद्द करून घ्यावा लागतो. तिऱ्हाइताला तो आपल्यावर बंधनकारक नाही एवढं म्हटलं की पुरतं. म्हणून हा शब्द वादपत्रात येऊच देऊ नका. कारकुनाने जुना नमुना उचलून ‘रद्दबातल ठरवावे’ असं टंकलेलं असतं, आणि पुढे त्याच शब्दावर मुदतीचा मुद्दा निघतो.

एक गोष्ट पुन्हा विचारतो, कारण तुम्ही ‘सही केलेली नाही’ असं लिहिलंय: हक्कसोड पत्र? वारस नोंदीच्या वेळी, आईच्या वेळी, किंवा कर्जासाठी म्हणून दुय्यम निबंधकाकडे नेऊन अंगठा आणि फोटो घेतला होता का? नोंदणीकृत हक्कसोड पत्र निघालं तर सगळा हिशेब बदलतो. त्या दस्ताच्या पक्षकार तुम्ही, म्हणून तो रद्द करून मागावा लागेल आणि ५९ ची तीन वर्षं लागतील. ‘हे कर्जाचे कागद आहेत’ असं सांगून हक्कसोडीवर अंगठा घेतला, म्हणजे दस्ताचं स्वरूपच चुकीचं सांगितलं, तर दस्त मुळातच शून्य असल्याचा युक्तिवाद करता येतो. ‘बदल्यात पैसे देतो’ असं खोटं सांगून घेतला, तर दस्त फक्त रद्द होण्याजोगा राहतो आणि तीन वर्षांचा प्रश्न कडक होतो. तलाठ्यापुढे नुसता ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिला असेल किंवा साध्या स्टॅम्पवर सही केली असेल, तर त्याने जमिनीतला हक्क जात नाही. मात्र तो कागद भावाच्या बाजूने नकाराची तारीख दाखवायला वापरला जाईल. सूची दोनमध्ये तुमच्या नावाने काही दस्त आहे का, हे १९९८ पासून शोधा.

फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करावं का, असा प्रश्न तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. करा हवं तर, पण दिवाणी दाव्याऐवजी नको. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त असं करत वर्षं जातात, आणि तिथे जिंकलं तरी फक्त नोंद बदलते. कलम १४ खाली चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ वगळून मिळतो, पण त्यासाठी त्या न्यायालयाला अधिकार नसल्यामुळे किंवा तशाच दोषामुळे काम चालवता आलं नाही असं असावं लागतं. फेरफाराचं अपील चालवायचा प्रांताला पूर्ण अधिकार आहे, म्हणून तो वेळ वगळून मिळेल अशी आशा धरू नका. आणि दाव्याला विलंब माफी नसते. कलम ५ अपिलाला आणि अर्जाला आहे, मूळ दाव्याला नाही. मुदत प्रतिवादीने उपस्थित केली नाही तरी कलम ३ खाली कोर्ट स्वतःहून पाहतं.

तुमच्यासाठी कामाची तारीख म्हणून नोव्हेंबर २०२७ धरा, जून २०३१ नाही. त्यातही खरेदीदार मधल्या काळात जमीन बिगरशेती करून तुकडे विकायला लागला, तर प्रतिवादी वाढतील, आणि तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर पहिला प्रश्न येईल की कळल्यावर इतके महिने काय करत होता. फेरफाराची फाईल आणि सूची दोनचा शोध हाती आला की दावा दाखल करायला थांबण्याचं कारण राहत नाही. फाईलमध्ये तुमच्या सहीची १९९८ ची नोटीस निघाली, तर मात्र दाखल करण्याआधी ती मला किंवा तुमच्या वकिलांना दाखवा, कारण मग वादपत्राची सुरुवातच वेगळी करावी लागेल.